आशावहिनीचं गोळ्यांचं ॲप : गजर गेला, यादी आली

मुठाकाठची

गप्पांच्या पानावर दोनतीन जणांनी विचारलं, "वहिनीच्या ॲपचं काय झालं?" तिथे लिहिलं तर वाहून जाईल म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी वहिनी वेल्ह्याकडच्या एका गावात आशा सेविका आहे. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या घरात अजून वेल्हंच.) गावठाण आणि वरच्या वाड्या तिच्याकडे. मी धायरीत राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आशा म्हटलं की बाळंतपण आणि लसीकरण एवढंच डोळ्यासमोर येतं, पण तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचा, बीपी आणि शुगरसाठी उपकेंद्रावर आणायचं, हेही काम आता तिच्याच गळ्यात आहे. माणसं सापडतात, डॉक्टर गोळी लिहून देतात, आणि तीन महिन्यांनी बघावं तर वरचा आकडा पुन्हा १७०. तिचं निदान ठरलेलं होतं : "विसरतात हो वन्सं. म्हातारी माणसं, कामाच्या गडबडीत राहून जातं."

म्हणून तिच्या डोक्यात ॲप आलं. सकाळी आठला पेशंटच्या फोनवर गजर होणार, गोळीचा फोटो दिसणार, खाली "घेतली" आणि "नंतर" अशी दोन मोठी बटणं. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. कोणी घेतली, कोणी नाही, ते वहिनीच्या फोनवर उमटणार. असली ॲप ढिगाने आहेत हे मी तिला सांगितलं. तिचं म्हणणं, मराठीत आणि मोठ्या अक्षरात हवं, आणि टिकमार्क मला दिसला पाहिजे. मुद्दा पटला. मी फिग्मात चार स्क्रीन जोडून दिल्या. आत काही नाही, नुसता देखावा. दाबलं की पुढची स्क्रीन, एवढंच.

मग एका रविवारी घरोघरी जाऊन लोकांच्या हातात दिलं. नियम एकच. "समजा सकाळ झाली, फोन वाजला. आता तुम्ही काय कराल ते करा," एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. हे फार अवघड असतं. पहिल्याच घरी वहिनीचं बोट मदतीला पुढे गेलं. शेवटी असं ठरवलं की तिने पाठीमागे वही घेऊन बसायचं आणि बोलायचं मी.

पहिल्या आजी. फोन हातात घेतला आणि लगेच नातवाकडे दिला, "तूच दाब, मला काय वाचता येतंय व्हय?" नातू नको, तुम्हीच, असं म्हटल्यावर परत घेतला. गजर वाजला. आजींनी पटकन मोठं हिरवं बटण दाबलं. आवाज थांबला, स्क्रीनवर "शाब्बास!" आलं. मी विचारलं, "आता काय झालं?"

"काय न्हाय, गप केलं. वाजत हुतं ना."

"आणि गोळी?"

"गोळी कुटाय? संपून लई दिस झालं."

मी मागे वळून पाहिलं. वहिनीचं पेन हवेतच होतं. कारण आमच्या हिशोबात आजींनी नुकतीच गोळी घेतलेली होती.

बाकीचं थोड्या वेळाने लिहिते, भाजी करपतेय.

---

पेठकर

छान उपक्रम! माझी आई सदाशिव पेठेत एकटी असते, वय ८१, बीपी आणि थायरॉईड. आम्ही सात कप्प्यांची डबी आणली, रविवारी मी भरून ठेवतो. तरी बुधवारचा कप्पा शुक्रवारी भरलेलाच सापडतो. तिच्याकडे स्मार्टफोन आहे, वाचताही येतं. ॲपची लिंक द्याल का? आयफोनवर चालेल ना?

---

मुठाकाठची

पेठकर, लिंक देण्यासारखं ॲप झालेलंच नाही, आणि गजराचं तर आता होणारही नाही. पुढे वाचाल तर कळेल. तुमच्या आईंकडे गोळ्या आहेत आणि खरोखर विसरायला होतंय, तर साधा मोबाइलचा गजरही चालेल.

तर पुढे.

दुसरे काका पन्नाशीचे, टेम्पो चालवतात. चारही स्क्रीन सफाईने पार केल्या, सूर्य-चंद्र ओळखले, "लय भारी केलंय, आणा लवकर" म्हणाले. मी खूश. वहिनी पाठीमागून सहज म्हणाली, "काका, तुमच्या गोळ्या बघू." फडताळातून पिशवी निघाली. महिन्यापूर्वी दिलेल्या तीस गोळ्यांपैकी निम्म्याहून जास्त तशाच. "डोकं जड झालं की घेतो की मी," काका म्हणाले. "रोज कशाला? बरं वाटतं ना."

ह्या माणसाला ॲप वापरता येतं, आवडतंही, आणि त्याने रोज "घेतली" दाबलंही असतं. आशाताई आपल्यासाठी एवढं करते म्हटल्यावर तिचं मन कोण मोडणार?

तिसऱ्या एक मावशी. त्यांच्या घरात एकच स्मार्टफोन, तो मुलाबरोबर नऱ्ह्याला कामाला जातो. म्हणजे गजर नऱ्ह्याला वाजणार आणि मावशी इथे खाचरात. मुलगा शनिवारी घरी आलेला म्हणून तेवढा फोन हाताशी होता. त्यांना गोळीचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, "ही माझी न्हवं. माझी गुलाबी असती." वहिनीने दोन्ही पाकिटं हातात घेऊन नाव वाचलं. औषध एकच, ताकदही तीच, फक्त ह्या खेपेला आलेला माल दुसऱ्या कंपनीचा आणि गोळी पांढरी. मावशींनी त्या गुलाबी आणि पांढऱ्या दोन वेगळ्या धरून ठेवल्या होत्या आणि पांढरी "नवीन हाय, इचारून घेऊ" म्हणून बाजूला ठेवली होती. उलटं झालं असतं, दोन औषधं समजून दोन्ही घेतल्या असत्या तर डोस दुप्पट. आणि आमच्या ॲपमध्ये तर फोटो हाच मुख्य आधार होता!

संध्याकाळी ओट्यावर बसलो. वहिनी बराच वेळ वही चाळत होती. मग म्हणाली, "वन्सं, विसरलं कोणी म्हणालं का आज?"

एकही नाही. गोळ्या संपल्या म्हणणारे सगळ्यात जास्त, मग बरं वाटतंय म्हणून सोडलेले. एका आजोबांनी पायाला सूज येते म्हणून गुपचूप बंद केली होती.

---

स्क्रीनमास्तर

मस्त लिहिलंय. मी प्रॉडक्ट डिझाइनमध्येच आहे म्हणून सांगतो, काळजी करू नका. युजर टेस्टिंगला पाच माणसं पुरतात, त्यातले जाणकार जेकब निल्सन ह्यांचा नियम आहे. पाच जणांत ८५ टक्के अडचणी सापडतात. तुमच्या सापडल्या आहेत. आता बटणावर गोळीचं चित्र घाला, गजर बंद करायचं बटण वेगळं करा, मजकूर आवाजात द्या. दुसऱ्या फेरीत हेच ॲप धावेल. एवढ्यावर कल्पना टाकून देणं घाईचं वाटतं.

---

मुठाकाठची

मास्तर, निल्सनचा तो पाच माणसांचा लेख २००० सालचा, मलाही ऑफिसात तोच ऐकवतात. पण त्यातलं गणित बघा. एखादी अडचण एका माणसाला जाणवण्याची शक्यता ३१ टक्के धरली तर पाच जणांत ती कुणालातरी जाणवण्याची शक्यता ८५ च्या आसपास जाते. हे स्क्रीनवरच्या अडचणींचं आहे, तेही साधारण सारख्या माणसांसाठी. आजींची अडचण बटणाची होती, ती तुम्ही म्हणता तशी सुटेल. डबीत गोळीच नाही, ही कुठल्या स्क्रीनवरची अडचण धरायची?

आवाजाचं मात्र बरोबर आहे. वाचता न येणाऱ्यांना नुसती मोठी अक्षरं काय कामाची. आणि सूर्य-चंद्रावर एका आजींनी "ही उन्हात वाळवून घ्यायची का?" असं गंभीरपणे विचारलं होतं, ते सांगायचं राहिलं.

---

डॉ_कासव

काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, म्हणून थोडं औषधाच्या बाजूने.

गावपातळीवर बीपीला बहुतेक वेळा अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. नाही भागलं तर वाढवतात किंवा जोडीला टेल्मिसार्टन देतात. अम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणून सकाळी आठची गोळी दुपारी दोनला घेतली किंवा एखादा दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. आठवलं की त्या दिवसाची घ्यावी, पण कालची भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. पंधरावीस दिवसांचा खंड पडला तर मात्र बीपी जुन्या जागेवर येऊन बसतं, आणि माणसाला कळतसुद्धा नाही, कारण दुखत काहीच नाही.

आता हे वहिनींच्या वहीशी जोडून बघा. गजर ज्या चुकीवर उपाय होता, ती तासांची आणि एखाद्या दिवसाची चूक औषध स्वतःच बऱ्यापैकी सांभाळून घेतं. नुकसान करतो तो मोठा खंड, आणि तो पडतो गोळ्या संपल्यावर किंवा माणसाने मनानेच बंद केल्यावर. तिथे गजर काय करणार?

पायाला सूज येणारे आजोबा : हा अम्लोडिपिनचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, घोट्याजवळ सूज दिसते. डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. पण सूज दुसऱ्या कारणानेही असू शकते, तेव्हा तपासून घ्या. मनाने बंद करून गप्प बसणं सगळ्यात वाईट.

---

कात्रजकर_काका

डॉक्टर, पण बीपीची गोळी रात्रीच घ्यायची असते ना? झोपेत बीपी उतरावं लागतं म्हणून. मला आमच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलंय आणि मी व्हॉट्सॲपवरही वाचलं. म्हणजे सकाळी आठचा गजर मुळातच चुकीचा होता.

---

डॉ_कासव

काका, झोपेत बीपी उतरतं आणि काहींचं उतरत नाही, हे खरं. रात्रीच्या गोळीचे मोठे फायदे सांगणारा एक स्पॅनिश अभ्यास २०१९ मध्ये गाजला होता, त्यावर शंकाही बऱ्याच घेतल्या गेल्या. नंतर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर टाइम नावाचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. हार्ट ॲटॅक, पक्षाघात, मृत्यू, ह्यांत सकाळवाले आणि रात्रवाले सारखेच निघाले. ज्याला जी वेळ रोज जमते ती घ्यावी. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला काही कारणाने रात्रीची सांगितली असेल तर तीच चालू ठेवा, माझ्या भरवशावर बदलू नका.

---

जुन्नरची_आशा

ताई, मी स्वतः आशा आहे, जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात. तुमच्या वहिनींना नमस्कार सांगा. पण एक रोखठोक विचारते. अजून एक ॲप कशाला? आमच्या फोनमध्ये आधीच सरकारी ॲप, त्याच माहितीची रजिस्टरं, वर गटप्रवर्तक ताईंना व्हॉट्सॲपवर फोटो. एकच नाव तीन ठिकाणी लिहून बोटं झिजली. मी पाकिटाच्या पाठीमागे मार्करने तारीख घालून देते. हे पान ह्या तारखेला संपलं पाहिजे, बस. म्हातारीला वाचता नाही आलं तरी घरातल्या शाळकरी पोराला येतं.

---

मुठाकाठची

जुन्नरताई, तुमचं पाकिटाचं वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे मला आधी का नाही सुचलं." उद्यापासून सुरू.

ॲप कशाला, ह्याचं उत्तर म्हणजे पुढे जे झालं ते.

वहिनीने दुसऱ्या दिवशी गजर, फोटो, शाब्बास, सगळं बाद केलं. पेशंटच्या फोनवर काहीच नको म्हणाली. जे काही असेल ते माझ्या हातात, आणि त्याने मला एवढंच सांगावं की कुणाच्या गोळ्या कधी संपतात. सुरुवात वहीतच केली. नाव, गोळ्या कधी दिल्या, किती दिल्या, कधी संपणार.

एका बाईंचं उदाहरण देते. ३ जूनला ३० गोळ्या दिल्या, रोज एक, ४ तारखेपासून सुरू. म्हणजे ३ जुलैला शेवटची. वहिनी पाच दिवस आधी, २८ जूनला आठवण ठेवते, कारण उपकेंद्रावर जायला त्यांना सवड काढावी लागते आणि लावणी सुरू झाली की सवड नसतेच. आता ह्याच हिशोबावर मधेच कधीतरी गोळ्या मोजायच्या. २३ जूनला दुपारी वहिनी त्या वाडीवर गेली. २० खाऊन झालेल्या, म्हणजे १० उरायला हव्यात. १६ उरल्या असत्या तर सहा चुकल्या. ह्या बाईंकडे निघाल्या तीन.

वहिनीला आधी वाटलं, दिवसाला दोन घेतायत की काय. बाई म्हणाल्या, एकच. खोदून विचारल्यावर चुलीपाशी बसलेले नवरोबा खाकरले. कुठल्यातरी शिबिरात त्यांचंही बीपी जास्त निघालं होतं, दवाखान्यात कोण जातंय, बायकोचीच घेत होते. "एकाच रोगाची हाय ना?" नवऱ्याचं बीपी तिथेच घेतलं, १६४/९८. त्यांना केंद्रावर नेऊन डॉक्टरांकडून स्वतःच्या गोळ्या सुरू केल्या. बाईंच्या ३ जुलैला संपायच्या त्या २६ जूनलाच संपणार होत्या, त्यांनाही लगेच नवीन दिल्या. गजरवाल्या ॲपमध्ये बाईंच्या नावापुढे रोज हिरवी टिक आली असती आणि ह्या नवऱ्याचा पत्ताच लागला नसता.

मग वहीचं वहिनीच्या फोनवर आणायचं ठरलं, कारण वह्या पावसात भिजतात आणि तारखांची बेरीज करताना महिना ३० चा की ३१ चा ह्यात तिची गडबड होते. नवा देखावा केला आणि ह्या वेळी पेशंटऐवजी वहिनीलाच बसवलं. मी आपली शहाणी, नावं अकारविल्हे लावली होती. तिने एकदा वर, एकदा खाली सरकवलं आणि फोन ठेवला. "मी काय अ पासून ज्ञ पर्यंत चालत जाते का? वाडीप्रमाणे लावा." एकाच नावाच्या तिघी जणी आहेत, तर आडनावाने भागत नाही, नवऱ्याचं नाव हवं. ज्याच्या गोळ्या आधी संपणार तो वाडीत सगळ्यात वर. गोळ्या मोजल्या की उरलेला आकडा टाकायचा, आणि हिशोब जुळत नसेल तर कारण विचारणारी तीनच बटणं : संपल्या, त्रास होतो, बरं वाटतंय. चौथं "घरात दुसरं कोणी घेतं" हे त्या नवरोबांमुळे वाढलं.

नेटवर्क धरणाच्या बाजूला नसतंच, तेव्हा सगळं फोनमध्येच साठतं. सध्या आहे ती साधी गुगल शीट, ऑफलाइन ठेवलेली. संपण्याच्या तारखेचं सूत्र एवढंच :

```
=B2+C2/D2
```

B मध्ये दिल्याची तारीख, C मध्ये किती गोळ्या, D मध्ये रोज किती. दोन औषधं असतील तर दोन ओळी.

---

खडकवासला_लोकल

गोळ्या मोजणं म्हणजे शाळेत डबा उघडून बघण्यासारखं झालं. आमच्या गावातली माणसं दोन दिवसांत शिकतील. आशाताई येताना दिसल्या की चार गोळ्या परड्यात.

---

मुठाकाठची

होईलही. फेकलेली गोळी आणि खाल्लेली गोळी मोजताना सारखीच. म्हणून वहिनी त्याच वेळी बीपीही घेते. मोजणी बरोबर आणि बीपी तरी वरच, असं दोनदा झालं तर डॉक्टरांकडे. मग एकतर डोस पुरत नाही, नाहीतर परड्यात शोधा.

---

डॉ_कासव

मोजणीत रागावणं आलं की मोजणी मेली. माझ्या सिस्टर विचारायच्या, "किती उरल्या त्या दाखवा, मला पुढच्या मागवायच्यात." मग कोणी लपवत नाही.

आणखी एक. तुम्ही नकळत ज्या रस्त्यावर आलात तो थोडा मळलेला आहे. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम २०१७ पासून उभा राहिला, महाराष्ट्रातला सातारा जिल्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत होता. त्यात सिंपल नावाचं ॲप दवाखान्यातली नर्स वापरते. बीपी आणि औषध नोंदवायचं, पुढची तारीख द्यायची. तारीख उलटून गेली की त्या पेशंटचं नाव वेगळ्या यादीत येतं, तिथूनच फोन लावायचा. पेशंटने काही दाबायचं नाही. तुमच्या वहिनींचं वेगळेपण हे की सिंपलला तारीख उलटल्यावर कळतं, ह्यांना आधी कळतं आणि घरात जाऊन पिशवी उघडता येते. ते सामान्य दवाखान्याला शक्य नाही.

---

स्क्रीनमास्तर

ठीक, गजराबाबत मी माघार घेतो. पण मग एक शंका. पेशंटकडून टेस्टिंग करून घ्यायची गरजच काय होती? गोळ्या संपतात हे वहिनींना आधीच माहीत असणार की. नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं.

---

मुठाकाठची

विचारलं होतं हो. ती वर्षभर प्रत्येक घरी विचारतेय, "गोळ्या घेता ना?" आणि उत्तर येतं, "घेतो की ताई." आजींनीही मला आधी तेच सांगितलं होतं. फोन वाजून, बटण दाबून झाल्यावर "गोळी कुटाय" बाहेर पडलं, कारण तेव्हा त्या आम्हाला उत्तर देत नव्हत्या, फोन बंद करायच्या नादात होत्या. वहिनी समोर बसली असती तर तेवढंही नसतं आलं, ती पाठीमागे होती हे बरं झालं. उलट मी एकटी गेले असते तर अनोळखी बाई म्हणून दारातच चहा देऊन बोळवलं असतं.

---

वकीलीणबाई

मी एक किडा सोडते. लोकांची नावं, आजार, गोळ्या, हे सगळं वहिनींच्या खाजगी फोनवर आणि वर गुगलच्या शीटमध्ये. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आलाय. लोकांना विचारलं का? फोन हरवला तर? घरातलं पोर गेम खेळायला फोन घेतं तेव्हा?

---

मुठाकाठची

फोनला आणि शीटला कुलूप आहे, आणि आता नावाऐवजी घर क्रमांक टाकायचा विचार चाललाय. पण तीन पार्वतींचा घोळ पुन्हा वर येतो. लोकांना तोंडी सांगितलंय, सही घेतलेली नाही. खरं सांगायचं तर ह्यातलं काय चालेल आणि काय नाही हे तुम्हीच सांगितलंत तर बरं. वहिनीला भीती वेगळीच आहे. आधी उशीर झालेल्यांची ओळ लाल होत होती, ती स्क्रीन शेजारणीने पाहिली आणि "अगं बाई, हिला काय झालंय?" असं वाडीभर झालं. लाल रंग काढून टाकलाय.

---

जुन्नरची_आशा

सगळं वाचलं. यादी चांगली आहे, मीही वहीत तो रकाना ओढते. पण संपायच्या पाच दिवस आधी जाऊन मी काय देऊ? आमच्या इथे कधीकधी उपकेंद्रातच गोळ्या नसतात. पेशंट चार तास मोडून येतो आणि दहाच गोळ्या हातात. मग तीसचा हिशोब कुठला? शिवाय तुमच्या वहिनी गोळ्या घरपोच नेतात की माणसाला बोलावतात? आम्हाला नेऊ देतात, नाही देत, सिस्टरवर असतं.

---

मुठाकाठची

तीसच्या जागी दहा लिहायचे, तारीख आपोआप जवळ येते. पण तो माणूस महिन्यात तीनदा येणार नाही हे तुम्हीही जाणता. सध्या वहिनी महिन्याच्या वीस तारखेला शीटमधून बेरीज काढते, पुढच्या महिन्यात कुठल्या गोळ्या किती लागतील, आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ मॅडमना चिठ्ठी देते, म्हणजे मागणी आधीच जाते. एक खेप तशी वेळेवर आली. एक नाही आली.

घरपोचचं मॅडमनी तोंडी हो म्हटलंय, तेही डॉक्टरांनी तपासलेल्या आणि बीपी आटोक्यात असलेल्यांनाच. लेखी काही नाही. डॉक्टर कासव, ह्याचा काही नियम आहे का?

---

डॉ_कासव

लेखी घ्या. नियम कुठलाही असो, काही झालं तर पहिलं नाव आशाचं येतं. पत्रात औषधाचं नाव, जास्तीत जास्त किती दिवसांच्या गोळ्या आणि बीपी कितीच्या वर असेल तर द्यायच्या नाहीत, एवढं असू द्या.

---

पेठकर

उशिरा आलो. आईच्या डबीतल्या गोळ्या आज मोजल्या. थायरॉईडच्या बरोबर, बीपीच्या अकरा जास्त. विचारलं तर म्हणाली, "त्याने सारखं बाथरूमला जावं लागतं, मंडईत जायच्या दिवशी घेत नाही." म्हणजे विसरणं नव्हतंच. डॉक्टर, ही लघवी वाढवणारी गोळी असते का? चिठ्ठीवर क्लोरथॅलिडोन लिहिलंय.

---

डॉ_कासव

हो, तीच. तिच्या डॉक्टरांशी वेळेबद्दल बोला, मंडईतून आल्यावर घेतली तरी चालतंय का ते विचारा. बंद करू देऊ नका.

---

जुन्नरची_आशा

मुठाकाठची ताई, वहिनींना विचारा, लावणीच्या दिवसांत वाड्यांवर माणूसच भेटत नाही, सगळे खाचरात. तेव्हा मोजणी कशी करतात? आमची लावणी पुढच्या आठवड्यात लागेल.

---

मुठाकाठची

विचारलं. म्हणाली, जूनच्या शेवटी पुढच्या दोन महिन्यांच्या एकदम मिळतात का बघतेय, मॅडमनी अजून होकार दिलेला नाही. नाहीतर बांधावर जाऊन. पिशवी बरोबर आणायला सांगायची म्हणे, भाकरीच्या फडक्यात.